चढणीची यादी आणि उतरणीची रुजुवात

गढवालातील नंदादेवीच्या पर्वतवलयाचा अंतर्भाग १९३४ साली शिप्टन आणि टिल्मन या दोघा इंग्रज गिर्यारोहकांनी प्रथम गाठला, आणि त्यानंतर पन्नास वर्षेही पुरती उलटण्यापूर्वी तेथील कुरणांची, जुनिपरच्या झुडपांची आणि मुक्कामाच्या जागांची अशी दुर्दशा झाली, की १९८२ साली तो प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाल्यावर गिर्यारोहकांना त्याची वाट बंद करणे सरकारला भाग पडले. पुढे १९९३ साली भारतीय लष्कराची एक तुकडी पाहणीसाठी आत गेली तेव्हा तिने सुमारे एक हजार किलो कचरा खाली आणला. हा कचरा दहा वर्षे कोणाचाही पाय तेथे न लागता जसाच्या तसा पडून होता, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. कारण डोंगर आपल्या पोटात सर्व काही जिरवितो अशी जी समजूत आपल्याकडे फार रूढ आहे, तिचे याहून उघड खंडन दुसरे सापडणार नाही.

डोंगरवाटांवरील आणि यात्रामार्गांवरील कचरा खाली आणण्याचे जे प्रयत्न आजवर झाले, त्यांचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. मागाहून जाऊन उचलणे हा पहिला. नंदादेवीवर लष्कराने केले ते हेच, आणि सह्याद्रीतील गडकोटांवर आमची तरुण मंडळे सुटीच्या दिवशी मोठ्या कष्टाने करीत असतात तेही हेच. या मंडळांच्या निष्ठेविषयी आदर बाळगूनही असे म्हणावे लागते, की ज्या गडावर पावसाळ्यातील एका रविवारी माणसांची रीघ लागते, त्या गडावर मागाहून उचलण्याचे काम कधीच पुरे होत नाही, आणि उचलणारा कोणीतरी आहे हे ठाऊक झाल्याने टाकणाऱ्याचा हात अधिकच सैल होतो.

दुसरा प्रकार वाटेच्या तोंडाशी मोजदाद करण्याचा. सिक्कीममध्ये युक्सोमहून गोएचा-लाकडे जाणाऱ्या वाटेवर तेथील स्थानिक संरक्षण समितीने असा शिरस्ता पाडला, की कचरा होऊ शकेल अशी प्रत्येक वस्तू चौकीवर यादीत लिहून द्यावयाची आणि परतताना त्याच यादीशी ताडून दाखवावयाची. नेपाळ सरकारने २०१४ साली एव्हरेस्टच्या प्रत्येक आरोहकावर आठ किलो कचरा खाली आणण्याची सक्ती केली आणि त्यासाठी तुकडीमागे चार हजार डॉलरांची अनामत ठेवून घेण्यास आरंभ केला. या दोहोंतला भेद वरवर पाहता दिसत नाही, परंतु तोच महत्त्वाचा आहे. युक्सोमला वस्तू मोजतात, एव्हरेस्टवर वजन मोजीत. आणि वजनाचा कचरा कोठूनही भरता येत असल्यामुळे आरोहक खालच्या तळांवरचा, सहज हाताशी येणारा कचरा आणून आठ किलो भरीत व अनामत परत घेत, तर वरच्या छावण्यांतील फाटके तंबू आणि डबे जागच्या जागी राहत. दहा वर्षांच्या अनुभवानंतर तेथील अधिकाऱ्यांनीच ही योजना फलद्रूप झाली नसल्याचे मान्य केले. तात्पर्य, खाली किती आले हे विचारून उपयोग नाही. जे वर गेले तेच खाली आले काय, हे विचारले पाहिजे.

मोजदादीचा हा मार्ग निःसंशय चांगला, पण त्याला वाटेचे तोंड एकच असावे लागते. आपल्या हरिश्चंद्रगडाचे उदाहरण घेतले तर पाचनईची वाट आहे, खिरेश्वराहून टोलार खिंडीने येणारी वाट आहे, कोकणातून साधले घाटाने आणि नळीच्या वाटेने चढून येणारे आहेत. वनखात्याने पाचनईस कितीही दक्ष चौकीदार बसविला तरी रात्री दोन वाजता खिरेश्वराहून विजेरीच्या उजेडात चढू लागलेल्या तुकडीची झडती तो कशी घेणार? आणि आळंदी ते पंढरपूर या वारीच्या मार्गाला तर तोंडच नाही. तो हमरस्ताच आहे. म्हणून या दोन्ही ठिकाणी चौकीचे काम ज्याने त्याने, म्हणजे प्रत्येक तुकडीने आणि प्रत्येक दिंडीने, स्वतःच्या अंगावर घेतल्यावाचून गत्यंतर नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ते कसे घेता येईल याचाच विचार पुढे करावयाचा आहे.

वीस जणांची एक तुकडी पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर एका रात्रीच्या मुक्कामाला निघाली आहे असे समजू. ज्याने त्याने आपापला फराळ बाजारातून आणावा असे ठरले, तर बिस्किटांचे पुडे, वेफर्स, चॉकलेट, झटपट शेवयांची पाकिटे, कॉफीच्या पुड्या असे मिळून माणशी दहा वेष्टने सहज होतात, म्हणजे तुकडीची दोनशे; शिवाय माणशी पाण्याच्या दोन विकत घेतलेल्या बाटल्या. आता याचे वजन पाहावे. वेष्टन तीन ते पाच ग्रॅमचे आणि रिकामी बाटली वीस-पंचवीस ग्रॅमची धरली तरी वीस जणांचा सारा सुका कचरा दोन किलोंच्या वर जात नाही, म्हणजे माणशी फार तर शंभर ग्रॅम. कचरा जड होतो म्हणून खाली आणता येत नाही, ही सबब यामुळे टिकत नाही. खरी अडचण तीन गोष्टींची असते: बाटल्या न चेपता भरल्या तर चाळीस बाटल्यांना एक आख्खी गोणी लागते, वेष्टने आतून तेलकट असल्यामुळे ती आपल्या पिशवीत कपड्यांशेजारी ठेवण्यास कोणी धजत नाही, आणि शिजविलेले उरलेले अन्न, जे एकटेच तीन-चार किलो भरते, ते बरोबर नेण्याची कल्पनाही कोणाच्या मनात येत नाही.

यांपैकी दोन अडचणींचे निराकरण घरीच होते, आणि म्हणून तुकडीचा पहिला नियम निघण्याच्या आदल्या संध्याकाळचा आहे. शिधा एकत्र करावा, बाजारातील सर्व वेष्टने घरीच काढावीत आणि जिन्नस डब्यांत व कापडी पिशव्यांत भरावेत. दुधाची पूड, साखर, चहा फिरकीच्या झाकणाच्या बरण्यांत. मीठ-मसाला एकत्र करून एका डबीत. बिस्किटांऐवजी दशम्या, लाडू, चिवडा, सुटी चिक्की. असे केले म्हणजे दोनशे वेष्टने वीस-पंचवीसवर येतात, आणि उरतात ती औषधाच्या गोळ्यांची पाने, विजेरीचे सेल, सॅनिटरी पॅड अशी टाळता न येणारीच. पाणी घरच्या बाटल्यांतून न्यावे आणि गडावरील टाक्यांतले पाणी उकळून किंवा क्लोरिनच्या गोळीने शुद्ध करून तेच पुन्हा भरावे.

अन्नाविषयी हिशेब मापाचा आहे. खिचडीसाठी माणशी पाऊणशे ग्रॅम तांदूळ आणि तीस ग्रॅम मुगाची डाळ पुरते. वीस जणांस दीड किलो तांदूळ आणि सहाशे ग्रॅम डाळ. आमच्याकडे कमी पडू नये या भीतीने याच्या दीडपट शिजविण्याची चाल आहे, आणि ती पातेल्याच्या तळाशी उरलेली खिचडी पहाटे कड्याच्या बाजूस ओतली जाते, जेथून ती माकडांच्या पोटात जाते. एकदा ही सवय लागली की पुढच्या तुकडीच्या तंबूवर माकडांची धाड ठरलेलीच. याहून चांगली तोड अशी, की वर शिजवूच नये. पाचनईतील किंवा गडावर झाप टाकून बसलेल्या गावकऱ्यास आधी निरोप देऊन पिठले-भाकरी सांगावी, म्हणजे चार घरांना उत्पन्न होते, आणि कांद्याच्या सालीपासून चुलीच्या राखेपर्यंतचा सारा पसारा ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघरात राहतो.

दुसरा नियम पायथ्याचा. चढण्यापूर्वी तुकडीने आपल्यातला एक कारभारी नेमावा आणि त्याने प्रत्येकाकडून वर जाणाऱ्या वस्तूंची यादी एका कागदावर लिहून घ्यावी: वेष्टने किती, बाटल्या किती, सेल किती. या कामास पाव तास लागतो, आणि या पाव तासाची कुरकूर होतेच. परंतु अनुभव असा, की आपले नाव आणि त्यापुढे आकडा लिहिला गेला म्हणजे वेष्टन खिशात ठेवण्याची आठवण आपोआप राहते. खाली उतरल्यावर, गाडीत बसण्यापूर्वी, हीच यादी काढून रुजुवात करावी. आकडा कमी भरला तर कोणास दोष देत न बसता तो किती कमी व कशाचा, एवढे लिहून ठेवावे. दोन-तीन सहलींच्या याद्या शेजारी ठेवल्या की तुकडीची गळती कोठे आहे हे दिसू लागते.

एक बारीकशी गोष्ट मात्र या यादीतूनही निसटते, आणि ती म्हणजे पाकिटाचा फाडलेला कोपरा. वाटेवर वाकून पाहिले तर आख्ख्या पाकिटांपेक्षा हे नखाएवढे चकचकीत त्रिकोणी तुकडेच अधिक आढळतात. कारण पाकीट मोजून परत येते, त्याचा कोपरा येत नाही. म्हणून पाकीट अर्धवट चिरावे, कोपरा त्याला लटकता राहू द्यावा, हा नियम प्रत्येकास सांगून ठेवावा. हीच गोष्ट बाटलीच्या बुचाची. बाटली चेपून बूच पुन्हा घट्ट बसवावे, म्हणजे ती फुगत नाही आणि बूचही हरवत नाही.

भरण्याचीही एक रीत आहे. सुक्या कचऱ्यासाठी खताची वा तांदळाची विणलेली रिकामी गोणी धुऊन न्यावी; पातळ पिशवी करवंदीच्या जाळीत पहिल्याच वळणावर फाटते आणि मागे तुकड्यांची वाट पडत जाते, ज्याचा पत्ता वाहणाऱ्यास लागत नाही. गोणी पाठपिशवीच्या बाहेर न टांगता आत किंवा वरच्या झाकणाखाली बांधावी. ओल्यासाठी पाच लिटरची घट्ट झाकणाची बरणी पुरते; चहाचा चोथा, साली, संत्र्याची टरफले सर्व त्यात. संत्र्याची साल नैसर्गिकच आहे, ती कुजेल, असे समर्थन ऐकू येते. परंतु उघड्या कातळावर, वाऱ्यात आणि उन्हात, ती कुजत नाही, वाळते, आणि तशी महिनोन् महिने राहते. गोणी आणि बरणी आळीपाळीने वाहावी, आणि तुकडीचा जो शेवटचा गडी असेल त्याच्याजवळ एक रिकामी पिशवी असावी. पुढच्यांच्या हातून पडलेले त्यालाच दिसते. रात्री चुलीत वेष्टने टाकण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. वेफर्सच्या वेष्टनात प्लास्टिकच्या पापुद्र्यांमध्ये धातूचा थर असतो. लाकडाच्या मंद आचेवर प्लास्टिक अर्धवट जळून विषारी धूर देते आणि धातूचे रुपेरी पापुद्रे राखेत राहतात. सकाळी चुलीची राख काठीने उकरून पाहिली म्हणजे आदल्या रात्री कोणी काय जाळले हे स्पष्ट समजते. घनकचऱ्याविषयी केंद्र सरकारने २०१६ साली जे नियम केले, त्यांनीही उघड्यावर कचरा जाळणे व पुरणे निषिद्ध ठरविले होते.

आता सर्वांत दुर्लक्षित प्रश्न, आणि आमच्या मते साऱ्या विषयाचे मर्म: गोणी खाली आली, पुढे काय? बहुतेक तुकड्या ती पायथ्याच्या गावात, उपाहारगृहाच्या मागच्या बाजूस किंवा ग्रामपंचायतीच्या पिंपात ठेवून कृतार्थ होतात. पाचनईसारख्या गावास घंटागाडी नाही, वर्गीकरणाची शेड नाही, भंगार घेणाराही क्वचितच फिरकतो; तेव्हा त्या गोणीचे भवितव्य दोहोंपैकी एकच, गावकऱ्याची काडी किंवा ओढ्याचा पूर. गडावरून गावात आणलेला कचरा म्हणजे केवळ दहा-बारा फर्लांग खाली सरकविलेला कचरा होय. तो ज्या शहरातून आला त्याच शहरात परत गेला पाहिजे, आणि त्यासाठी गाडीच्या टपावर किंवा डिकीत गोणीची जागा आधीच राखून ठेवावी लागते. शहरात पोहोचल्यावर बाटल्या आणि डबे भंगारवाल्याकडे जातात, कारण त्यांना भाव आहे, सेल ई-कचऱ्याच्या संकलनात, बरणीतले खतखड्ड्यात, पॅड कागदात गुंडाळून वर लाल खूण करून वेगळे, जेणेकरून वेचणाऱ्या भगिनीचा हात त्यात पडू नये. धातूचा थर असलेल्या वेष्टनांना मात्र भंगारात गिऱ्हाईक नाही. ती फार तर पालिकेच्या सुक्या कचऱ्यातून भट्टीच्या इंधनापर्यंत पोहोचतात, आणि म्हणूनच ती मुळात न नेणे हाच त्यांच्यावरचा उपाय राहतो.

दुसऱ्यांनी टाकलेले उचलावे की नाही, याविषयी आमचे मत सावध आहे. वाटेवरचे, हाताशी असलेले अवश्य उचलावे, पण जाड हातमोज्यांनी, आणि दगडाखालचे काठीने चाळवून. तेथे विंचू असतो. कोकणकड्याच्या काठावरून घरंगळलेल्या बाटलीसाठी कोणीही खाली उतरू नये. आणि टाक्यांतला गाळ काढण्याचे धाडस पुरातत्त्व खात्याच्या परवानगीवाचून करू नये, कारण त्या गाळात खापरे, नाणी आणि कोरीव दगड असू शकतात, आणि फावड्याला कचरा व इतिहास यांतला भेद कळत नाही.

मानवी मलाविषयी लिहिण्यास संकोच करण्याचे कारण नाही. पाण्यापासून साठ मीटर, म्हणजे ऐंशी-नव्वद पावले दूर, पंधरा ते वीस सेंटिमीटर खोल खड्डा करून तो बुजवावा, कागद मात्र पिशवीत घालून परत न्यावा, हा सर्वत्र मान्य झालेला नियम आहे. ओले पुसणे म्हणून विकतात तेही बहुधा कृत्रिम धाग्याचे असल्याने कधीही पुरू नये. परंतु हा नियम माती असेल तेथला. कोकणकड्याचा माथा कातळाचा आहे; शनिवारी रात्री तेथे शे-दोनशे माणसे राहिली आणि दुसऱ्या दिवशी पाऊस आला, तर ते सारे कोठे वाहत जाते हे सांगावयास नको. एव्हरेस्टच्या वाटेवर २०२४ पासून आरोहकांस मलाच्या पिशव्या बाळगणे स्थानिक पालिकेने सक्तीचे केले आहे. सह्याद्रीत एवढे करण्याची गरज नाही. मुक्काम पाचनईस, जेथे शौचालय आहे अशा घरी करावा आणि पहाटे चढावे, एवढ्याने प्रश्न सुटतो, आणि कोकणकड्यावरचा सूर्यास्त हवाच असेल तर दुपारी चढून विजेरीच्या उजेडात उतरावे.

वारीचे गणित याहून निराळे आहे, कारण तेथे चालणारा आपला कचरा फारसा बरोबर आणीतच नाही. तो त्याला वाटेत दिला जातो. दिंडीपाशी मालमोटार असते, भांडी असतात, पाण्याचा टँकर असतो, मुक्कामाचा बंदोबस्त पिढ्यान् पिढ्या ठरलेला असतो; इतकी शिस्तबद्ध संघटना कोणत्याही गिर्यारोहक मंडळाजवळ नाही. रथापुढच्या सत्तावीस दिंड्यांचा क्रम ज्या काटेकोरपणे पाळला जातो, तो पाहिल्यावर वेष्टनांचा हिशेब ठेवणे दिंडीस जड जाईल असे कोणी म्हणणार नाही. परंतु रस्त्याच्या दुतर्फा सेवेकरी उभे असतात, आणि त्यांच्या श्रद्धेने दिलेले केळे, राजगिऱ्याचा लाडू, बिस्किटाचा पुडा, चहाचा कागदी पेला आणि पाण्याची पिशवी वारकऱ्याच्या हातात पडते. नाही म्हणणे त्यास प्रशस्त वाटत नाही. म्हणून येथे अर्धे नियम दिंडीचे आणि अर्धे दात्याचे असले पाहिजेत.

दात्याने पुडे फोडून बिस्किटे सुटी, हातावर द्यावीत, म्हणजे वेष्टन त्याच्याच मांडवात राहते. पाणी पिंपातून, चहा किटलीतून, वारकऱ्याच्या स्वतःच्या पेल्यात. कागदी पेला निर्धोक असल्याची समजूत चुकीची आहे. तो फाडून पाण्यात भिजत घातला तर तासाभराने आतला पातळ प्लास्टिकचा पापुद्रा हाताने सोलता येतो. चकचकीत पत्रावळीचीही हीच परीक्षा. पळसाच्या टाचलेल्या पत्रावळीस ती द्यावी लागत नाही. आणि टोपली कोठे ठेवावी हेही पाहावे: वाटपाच्या मेजाशी ठेवलेली टोपली रिकामी राहते, कारण वारकरी थांबत नाही, चालता चालता खातो, आणि साल त्याच्या हातून शे-दीडशे पावले पुढे सुटते. टोपली तेथे, रस्त्याच्या कडेस, माणसासह हवी.

दिंडीच्या बाजूने पाहता प्रत्येकाच्या पडशीत स्वतःचा पेला आणि ताटली असणे हा पहिला नियम. तीनशे माणसांच्या दिंडीत दोन वेळच्या सहाशे पत्रावळी एवढ्यानेच वाचतात. धुण्यास पाणी कोठून आणावे ही शंका रास्त आहे. ताट आधी राखेने कोरडे पुसून, मग ओळीने मांडलेल्या दोन टबांतून काढले, तर माणशी अर्ध्या लिटरात भागते. नळाखाली धरले तर त्याच्या कितीतरी पट लागते. पावसात डोक्यावर घ्यावयाच्या पातळ प्लास्टिकच्या कागदाऐवजी जाड, पुन्हा वापरता येणारे खोळीचे कापड दिंडीने एकदाच घाऊक आणून वाटावे. दिवेघाटात आणि पुढे शेतांच्या बांधांवर अडकलेले जे पांढरे, निळे कागद दिसतात ते याच पातळ मालाचे. मुक्काम पहाटे अंधारात हलतो, तेव्हा मालमोटार निघण्यापूर्वी दोघांनी विजेरी घेऊन सारे राहुटीचे मैदान एकदा फिरून पाहावे आणि त्यांनी सांगितल्यावाचून चालकाने गाडी हलवू नये. २०१५ पासून निर्मल वारीच्या उपक्रमातून मुक्कामोमुक्कामी फिरती शौचालये उभी राहू लागली. ती कोठे आहेत हे दिंडीच्या व्यवस्थापकाने संध्याकाळीच पाहून ठेवून सर्वांस, विशेषतः स्त्रियांस, सांगावे, नाही तर पहाटेच्या घाईत शेताचीच वाट धरली जाते.

गोण्या रिकाम्या करण्याची जागाही निवडून ठरवावी लागते. लहान गावात त्या उतरविणे म्हणजे पाचनईचीच पुनरावृत्ती; सासवड, जेजुरी, फलटण अशा नगरपरिषदांच्या मुक्कामी त्या द्याव्यात आणि मधल्या टप्प्यांत मोटारीतच ठेवाव्यात. मघाशी उल्लेखिलेल्या २०१६ च्या नियमांत शंभरांहून अधिक माणसांच्या मेळाव्याच्या आयोजकाने स्थानिक संस्थेस किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवावे आणि कचरा वर्गीकृत करून द्यावा, असे कलम होते. दिंडीस हे सहज साध्य आहे, कारण पालखीचे वेळापत्रक कित्येक आठवडे आधी प्रसिद्ध होते: त्या त्या मुख्याधिकाऱ्याच्या नावे एक अर्ज, त्यात माणसांची संख्या, उतरण्याची जागा, ओल्या-सुक्या गोण्यांचा अदमास, आणि गाडी कोणत्या वेळी पाठवावी याची विनंती. ही वेळ संध्याकाळची मागू नये. पालखी मुक्कामी पोहोचल्यावर त्या रस्त्यांतून घंटागाडी पुढे सरकत नाही. ती पहाटे, पालखी पुढे निघून रस्ता मोकळा झाल्यावर मागावी, आणि गोण्या तिच्या हवाली होईपर्यंत दिंडीचा एक माणूस तेथे मागे ठेवावा. तो पुढच्या विसाव्याला दिंडीस गाठतो.